एकरी किती बॅगा, ते आधी सांगा

मे महिना संपत आला की मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एकाच साच्यातली पोस्टरे येऊन पडू लागतात. पिवळी-लाल अक्षरे, मध्ये शेंगांनी लगडलेले सोयाबीनचे झाड आणि वर मजकूर: ‘धमाका ऑफर! एकरी 20 क्विंटल! 100 टक्के उगवण! सोबत सेंद्रिय खत, रासायनिक खताला कायमचा रामराम! स्टॉक मर्यादित!’ खाली कृषी सेवा केंद्राचे नाव आणि दोन मोबाइल नंबर.

हे पोस्टर वाचून झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती काय लागते? वाण कोणता, तो किती दिवसांत काढणीला येतो, बॅग किती किलोची, किंमत काय, एकरी किती लागेल, यातले काहीच त्यात नसते. जे असते त्यावर विश्वास बसत नाही. राज्यात सोयाबीनची सरासरी एकरी चार ते सहा क्विंटलांच्या आसपास फिरते. वाचणाऱ्याला स्वतःचा मागच्या वर्षीचा उतारा तोंडपाठ असतो. वीस क्विंटलांचा आकडा दिसला की तो पुढच्या ओळीही त्याच मापाने मोजतो, आणि त्या पोस्टरमध्ये एखादी खरी गोष्ट असलीच तर तीही वाया जाते.

साध्या भाषेतली जाहिरात म्हणजे सोपे शब्द आणि भरपूर उद्गारचिन्हे, असा समज दुकानदारांत आणि त्यांची पोस्टर करून देणाऱ्या मुलांतही पसरलेला आहे. शेतकऱ्याला अडचण शब्दांची फारशी नसते. उगवण, वाण, बीजप्रक्रिया, वापसा हे शब्द त्याचेच आहेत. त्याला अडते ते माप. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी असते, शेत एकरात आणि गुंठ्यांत असते आणि दुकानात माल बॅगेत मिळतो. शिफारस बॅगेच्या हिशोबात आणून दिली, की पोस्ट सोपी झाली.

सोयाबीनच्या बियाण्याचेच उदाहरण घेऊ. समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका बाजारगावात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे आणि सेंद्रिय खत हा त्याचा मुख्य धंदा. आसपासच्या आठ-दहा गावांतले शेतकरी त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. त्याने परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस-612 हा वाण मागवला आहे. या वाणाची पहिली पोस्ट अशी लिहिता येते:

‘सोयाबीन एमएयूएस-612 आले आहे. 30 किलोची बॅग. एकरी एक बॅग लागते. साधारण 95 दिवसांत काढणीला येते. बॅगेवरची उगवण 70 टक्के किंवा जास्त असल्याची खात्री करूनच घ्या, टॅगचा फोटो खाली दिला आहे. किंमत खालील फोटोत. ही किंमत 10 जूनपर्यंत. बिल मिळेल.’

हेक्टरी 75 किलोची शिफारस एकराला 30 किलो येते, म्हणून एकरी एक बॅग. शेतकऱ्याला गणित करावे लागत नाही. ‘95 दिवस’ हा आकडा ‘लवकर येणारे वाण’ या शब्दांपेक्षा जास्त सांगतो, कारण सोयाबीननंतर हरभरा करायचा असेल तर रान कधी मोकळे होईल हे त्याला लगेच कळते. ज्याच्याकडे पाणी आहे आणि रानही भारी आहे, तो कदाचित दहा दिवस जास्त घेणारा राहुरी विद्यापीठाचा फुले संगम मागेल. हलक्या रानाचा माणूस त्याहून लवकरचा मागेल. दोघांचा निर्णय एका आकड्यावर होतो.

सगळ्यात महत्त्वाचा आहे तो टॅगचा फोटो. प्रमाणित बियाण्याच्या बॅगेला निळा टॅग असतो, सत्यतादर्शक बियाण्याला हिरवट रंगाचे लेबल. पीक, वाण, लॉट नंबर, उगवण, शुद्धता, चाचणीची तारीख, मुदत हे सगळे त्यावर छापलेले असते. बॅगेच्या पुढच्या बाजूला कंपनीचे चित्र असते आणि पोस्टरात नेहमी तेच टाकले जाते. मागची बाजू दाखवणारा दुकानदार एकही शब्द न लिहिता बरेच काही बोलून जातो. फोटो मात्र सावलीत, सरळ समोरून काढावा. चकचकीत लेबलावर ऊन पडले की आकडे दिसत नाहीत आणि मग फोटो असून नसल्यासारखा.

‘100 टक्के उगवण’ हा दावा सोयाबीनच्या बाबतीत तर फारच धाडसी. कायद्याने या पिकाच्या बियाण्याची किमान उगवण 70 टक्के ठरवलेली आहे. हरभऱ्याची 85 आहे. सोयाबीनची कमी ठेवण्याचे कारण दाण्यातच आहे. त्याचे आवरण पातळ असते. मळणी यंत्राचे फेरे जास्त असले, बॅग उंचावरून आदळली, काढणीच्या वेळी पावसात भिजले, की दाणा वरून चांगला दिसतो पण आतला अंकुर मेलेला असतो. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर काढणीच्या तोंडावर पाऊस झाला आणि पुढच्या म्हणजे 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नसल्याच्या हजारो तक्रारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्या वर्षी ज्यांनी शंभर टक्क्यांचे पोस्टर फिरवले असेल, त्यांना नंतर आपलेच पोस्टर समोर ठेवून उत्तर द्यावे लागले असेल.

म्हणून त्या केंद्राची दुसरी पोस्ट विक्रीची नसून चाचणीची असावी. पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी ती जावी, म्हणजे घरचे बियाणे वापरणाऱ्यालाही उपयोग होतो:

‘बियाणे घरचे असो की दुकानातले, उगवण तपासा. गोणपाट धुऊन ओले करा. बॅगेतून वरचे, मधले, खालचे असे मिळून 100 दाणे घ्या, निवडून घेऊ नका. गोणपाटावर बोटभर अंतराने ओळीत मांडा. वरून दुसरे ओले गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी उघडा आणि चांगले मोड आलेले दाणे मोजा. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो. कमी आले तर आकडा आम्हाला पाठवा, किती वाढवायचे ते सांगू.’

‘निवडून घेऊ नका’ हे तीन शब्द या पोस्टमधले सर्वांत मोलाचे आहेत. माणूस सहज टपोरे दाणे उचलतो, मग चाचणीत 85 येतात आणि शेतात 60 उगवतात. मोजतानाही चूक होते. नुसता फुगलेला दाणा, वाकडातिकडा किंवा बुरशी धरलेला मोड मोजायचा नसतो.

किती वाढवायचे याचे गणित साधे आहे. 30 ला 70 ने गुणायचे आणि आलेल्या आकड्याने भागायचे. समजा ग्रुपवर एकाने लिहिले, ‘भाऊ, माझे 62 आले. चालेल का?’ उत्तर असे जावे: ‘काका, चालेल. एकरी 30 च्या ऐवजी 34 किलो टाका. तुमचे घरचेच आहे ना? मग विकत घ्यायची गरज नाही.’ या उत्तराने एका बॅगेची विक्री गेली हे खरे. पण ते उत्तर ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचलेले असते, आणि पुढच्या वेळी हा माणूस ‘घ्या’ म्हणेल तेव्हा त्याला वजन येते. उगवण फारच खाली गेली असेल, म्हणजे पन्नासच्या आसपास, तर प्रमाण वाढवून भागत नाही. अशा बियाण्याच्या उगवलेल्या रोपांतही जोम नसतो. तिथे ‘हे पेरू नका’ असेच स्पष्ट सांगायला हवे.

तिसरी पोस्ट बीजप्रक्रियेची. इथे केंद्राचा स्वतःचा माल आहे, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जीवाणू, म्हणजे पीएसबी. शिफारस असते 10 किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम. शेतकऱ्याच्या मापात हे ‘एका 30 किलोच्या बॅगेला रायझोबियमची तीन आणि पीएसबीची तीन पाकिटे’ असे होते. पण पाकिटे विकून काम संपत नाही. ही पाकिटे जिवंत असतात. दुकानाच्या पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत उन्हात ती तापली की आतले जीवाणू मरतात, आणि शेतकरी मेलेली पावडर बियाण्याला चोळतो. बाहेरून काहीच कळत नाही. त्यामुळे पोस्टमध्ये पाकिटावरची मुदत तपासा, सावलीत न्या, सावलीत ठेवा, हे लिहायलाच हवे.

क्रमही सांगायला हवा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जीवाणू खत सर्वांत शेवटी, आणि लावल्यावर बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचे. बऱ्याच बॅगांतले बियाणे आधीच प्रक्रिया केलेले असते, तसे बॅगेवर छापलेले असते. त्याला पुन्हा रासायनिक बुरशीनाशक लावण्याचे कारण नाही. आणि सोयाबीन कधीही पाण्यात भिजवायचे नाही, गुळाचे पाणी शिंपडले तरी बेताने आणि हाताने हलकेच चोळायचे. आवरण सुटले की उगवण गेली. एवढा मजकूर पोस्टरवर मावत नाही, आणि मावलाच तर वाचवत नाही. इथे दुकानदाराने स्वतःच्या आवाजात पाऊण मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकणे उत्तम. तो शेतातच ऐकला जातो, ज्यांना वाचायचा कंटाळा आहे तेही ऐकतात, आणि आवाज ओळखीचा असला की फोन करायला संकोच वाटत नाही.

सेंद्रिय खताच्या पोस्टर्समध्ये गोष्ट जास्त बिघडते. ‘दोन बॅगा टाका, रासायनिक खत बंद करा’ असे सर्रास लिहिलेले दिसते. हा दावा बॅगेवरच्या आकड्यांनीच तपासता येतो. गांडूळखताची 40 किलोची बॅग घेऊ. समजा तिच्यावर स्फुरद 0.8 टक्के लिहिले आहे. म्हणजे अख्ख्या बॅगेत 320 ग्रॅम स्फुरद. डीएपीच्या 50 किलोच्या बॅगेत 46 टक्क्यांनी 23 किलो स्फुरद असते. तेवढेच स्फुरद गांडूळखतातून द्यायचे तर सत्तरहून जास्त बॅगा लागतील. दोन बॅगांत मिळते पाऊण किलोच्याही आत. ज्या शेतकऱ्याने पोस्टरवर विश्वास ठेवून डीएपी टाकले नाही, त्याचे पीक दीड महिन्याने खुरटलेले दिसते. दोष मग सेंद्रिय खतालाच लागतो आणि तो माणूस त्या वाटेला पुन्हा जात नाही. सेंद्रिय खताचे सर्वांत मोठे नुकसान अशा खोट्या पोस्टरांनीच केले आहे.

प्रोमच्या बाबतीत सावधगिरी आणखी हवी. खनिज फॉस्फेट आणि सेंद्रिय पदार्थ मिळून तयार होणाऱ्या या खताचे पूर्ण नाव फॉस्फेट रिच ऑरगॅनिक मॅन्युअर. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किमान 10.4 टक्के स्फुरद असायला हवे, म्हणजे 50 किलोच्या बॅगेत 5.2 किलो. खत आपल्या जागी चांगले आहे. पण बॅगेचा रंग, दाण्यांचा आकार आणि नाव डीएपीच्या इतके जवळ नेलेले असते की डीएपीची टंचाई असताना गर्दीत ती डीएपी म्हणून खांद्यावर चढते. विक्रेत्याने पोस्टमध्ये ‘हे डीएपी नाही’ असे पहिल्याच ओळीत लिहिले, तर ग्राहकही फसत नाही आणि खतही त्याच्या खऱ्या कामासाठी वापरले जाते.

मग गांडूळखत विकायचे कशाच्या जोरावर? ते जे करते त्याच्या. ते जमिनीला सेंद्रिय कर्ब देते, माती भुसभुशीत ठेवते, ओल धरते, जीवाणूंना खाद्य देते. या गोष्टी एका हंगामात क्विंटलने मोजता येत नाहीत आणि तसे सांगूही नये. पोस्ट अशी असू शकते:

‘गांडूळखत, 40 किलोची बॅग. हे डीएपीच्या बदल्यात नाही, डीएपीच्या सोबत आहे. कमी क्षेत्रावर जास्त टाकले तर उपयोग दिसतो: भाजीचे वाफे, मिरची-टोमॅटोची सरी, डाळिंब-लिंबाची आळी. दहा एकरांत चार बॅगा विखरून पैसे घालवू नका. घरचे शेणखत कुजलेले असेल तर आधी ते वापरा. माती परीक्षणाचा कागद आणा, खताचा हिशोब करून देऊ.’

‘पैसे घालवू नका’ हे विकणाऱ्याच्या पोस्टमध्ये वाचून शेतकरी थांबतो. आणि मिरचीच्या वाफ्यासाठी चार बॅगा खरोखर घेऊन जातो, कारण कुठे टाकायच्या ते त्याला कळलेले असते. ताज्या खताचा फोटो टाकायचा असेल तर मूठभर खत तळहातावर घेऊन टाकावा. चांगले गांडूळखत काळपट तपकिरी, चहापत्तीसारखे रवाळ असते, त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. आंबूस किंवा अमोनियाचा वास, चिकट ओल, अर्धवट कुजलेला पालापाचोळा दिसला की ते अजून तयार नाही. हे ओळखायला शिकवणारी पोस्ट दुकानाच्याच मालाची परीक्षा घेते, म्हणून ती टाकायची तर माल तसाच असावा लागतो.

पोस्ट कधी टाकायची याला मजकुराइतकेच महत्त्व आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात एखादी जोरदार सर पडते आणि पेरणीची घाई सुटते. दुकानदारासाठी हा सर्वांत जास्त विक्रीचा दिवस. नेमक्या त्याच दिवशी ‘थांबा’ म्हणणारी पोस्ट जायला हवी. कृषी विभागाचा सल्ला आहे 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करण्याचा. आपल्या मंडळात किती पडला ते आकडे रोज मिळतात. तेच ग्रुपवर टाकावेत: ‘आपल्या मंडळात आजपर्यंत 38 मिलीमीटर. अजून थोडे थांबा. वीतभर ओल आणि वापसा आल्यावर पेरा. दाणा आडव्या दोन बोटांपेक्षा खोल नको.’ दोन बोटे म्हणजे तीन ते चार सेंटीमीटर. यापेक्षा खोल पडलेले सोयाबीन, वरून जमीन टणक झाली तर, बाहेर येत नाही.

अशी पोस्ट ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये, तिथून तिसऱ्या तालुक्यात जाते. जाताना खाली लिहिलेला मजकूर गळतो आणि चित्र तेवढे उरते. पुढच्या वर्षीही तेच चित्र फिरते, जुनी किंमत आणि जुना पाऊस घेऊन. म्हणून तारीख, गाव आणि किंमतीची मुदत चित्रातच असावी, मोठ्या अक्षरांत. पीडीएफ पाठवू नये, ती उघडली जात नाही. एका चित्रात एकच गोष्ट असली की ती कडक उन्हात, तडा गेलेल्या काचेच्या मोबाइलवरही वाचता येते.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक प्रकार याच काळात फिरतो. ‘तणनाशक मारा, पऱ्हाटीला काही होत नाही’ असे सांगून तणनाशक सहन करणाऱ्या, मान्यता नसलेल्या कापसाची पाकिटे घरपोच देण्याचा. कमी शब्द, थेट फायदा, फोन नंबर. भाषा अगदी सोपी असते. फक्त बिल नसते, लॉट नंबर नसतो आणि उगवले नाही तर तक्रार करायला माणूस सापडत नाही. परवानाधारक विक्रेत्याने याच्याशी स्पर्धा करताना आवाज चढवून उपयोग नाही. त्याच्याकडे असलेली आणि समोरच्याकडे नसलेली गोष्ट दाखवावी. ‘बिलावर वाण, लॉट नंबर आणि तारीख लिहून देतो’ असे लिहून कोऱ्या नमुना बिलाचा फोटो टाकणे पुरेसे आहे.

त्या बिलाची किंमत पेरणीनंतर कळते. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे हंगामातली शेवटची पोस्ट पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी जावी. फार थोडी दुकाने ती टाकतात:

‘उगवण कमी वाटते का? रान मोडू नका. आधी दोन-तीन ठिकाणी ओळ उकरून बघा. दाणा खोल गेला आहे का, कुजला आहे का, की ओलीअभावी तसाच आहे? बॅग, टॅग, बिल आणि उरलेले मूठभर बियाणे जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. अर्ज लिहायला मदत लागली तर दुकानात या.’

हा मजकूर दुकानाच्या अडचणीचाही आहे, कारण पंचनाम्यात त्याच लॉटच्या बॅगांवर प्रश्न येऊ शकतो. पण उकरून बघितल्यावर बऱ्याच वेळा कारण पेरणीची खोली किंवा मधला कोरडा खंड हे निघते, आणि भांडण तिथेच मिटते. दाणा योग्य खोलीवर, ओलीत पडूनही कुजलेला सापडला, तर तक्रार रास्त आहे. दुबार पेरणी करायची तर सोयाबीनसाठी हातात 15 जुलैपर्यंतचाच वेळ असतो, म्हणून पंचनाम्याचा अर्ज त्याच आठवड्यात जायला हवा आणि दुकानदाराने तोपर्यंत त्या लॉटच्या उरलेल्या बॅगा विकणे थांबवल्याचे त्याच ग्रुपवर, लॉट नंबर लिहून, कळवायला हवे.